न्यूमनचं फिशर करताना: काय फिरवायचं, कुठून बघायचं आणि R-S कुठे तपासायचं

न्यूमन प्रोजेक्शनचं फिशर करताना उत्तर बहुतेक वेळा दोनच जागी चुकतं. एक, बंध फिरवताना. दोन, रेणूकडे बघायची जागा बदलताना. बी.एस्सी.च्या मुलांना बरीच वर्षं हा भाग शिकवल्यावर माझं ठाम मत झालंय की "डावं डावीकडे, उजवं उजवीकडे" किंवा "पुढचं वर, मागचं खाली" अशी सुटी सूत्रं पाठ करण्यात अर्थ नाही. त्यातलं एक जरी परीक्षेच्या हॉलमध्ये उलटं आठवलं, तर थेट आरशातला रेणू कागदावर उतरतो. आपला डोळा कुठून कुठे गेला हे कळलं की पाठ करायला काही उरत नाही. शिवाय शेवटी R-S तपासलं, तर चूक झाली आहे हे कळतंच, आणि बहुतेक वेळा कुठे झाली तेही कळतं.

उदाहरण म्हणून चिंचेतलं टार्टारिक आम्ल घेऊ. चिंचेला आंबटपणा मुख्यतः याच आम्लामुळे येतो. निसर्गात सापडणारं त्याचं रूप (2R,3R) आहे. स्टिरिओकेमिस्ट्रीच्या इतिहासातही हे आम्ल जागोजागी भेटतं. 1848 मध्ये पाश्चरने चिमट्याने वेगळे केलेले उजवे-डावे स्फटिक याच आम्लाच्या सोडियम अमोनियम क्षाराचे होते. 1951 मध्ये बायफूटने क्ष-किरणांनी अणूंची खरी त्रिमितीय मांडणी पहिल्यांदा ठरवली, तीही याच्याच सोडियम रुबिडियम क्षारावरून. आपल्याला ते सोयीचं आहे ते वेगळ्या कारणाने. C2 आणि C3 हे दोन्ही कार्बन कायरल आहेत, आणि दोघांवरही तेच तीन गट आहेत: COOH, OH आणि H.

आधी जागांना नावं देऊ

न्यूमनच्या चित्रात मी नेहमी घड्याळाचे आकडे वापरते. पुढच्या कार्बनचे तीन बंध वर्तुळाच्या मध्यातून निघतात, मागच्याचे कडेवरून. स्टॅगर्ड चित्रात पुढचे बंध 12, 4 आणि 8 वर असतील तर मागचे 2, 6 आणि 10 वर येतात. "वर उजवीकडे" किंवा "जरा खाली" असं म्हटलं की गोंधळ होतो, आकड्यांनी होत नाही. आणखी एक सोय म्हणजे घड्याळाचा एक तास 30 अंशांचा असतो, त्यामुळे 60 अंश म्हणजे दोन तास आणि 180 अंश म्हणजे सहा तास.

आता आपल्याला दिलेलं न्यूमन असं आहे असं समजू. C2 पुढे आहे, त्याचे गट COOH 12 वर, OH 4 वर, H 8 वर. C3 मागे आहे, त्याचे गट COOH 6 वर, OH 2 वर, H 10 वर. दोन्ही COOH एकमेकांच्या बरोबर विरुद्ध, म्हणजे अँटी. पुढे वाचण्याआधी हे चित्र वहीत काढा. नुसतं डोक्यात ठेवून हे काम होत नाही, मलाही होत नाही.

फिरवण्याआधी R-S लिहून ठेवा

हे काम लोक शेवटी करतात किंवा करतच नाहीत. ते पहिल्यांदा, न्यूमनवरच करायचं. म्हणजे नंतर फिशरवर आलेलं उत्तर ताडून बघायला काहीतरी हातात असतं.

कान-इंगोल्ड-प्रेलॉग नियमांनी C2 च्या चार शेजाऱ्यांचा क्रम असा लागतो. OH पहिला. COOH दुसरा, कारण त्याच्या कार्बनवर ऑक्सिजन तीनदा मोजला जातो. C3 तिसरा, आणि H शेवटचा. C3 च्या बाबतीतही हेच, फक्त तिसऱ्या जागी C2 येतो.

न्यूमनमध्ये R-S काढताना अडचण ही की H आपल्यापासून दूर नसतो, कडेला असतो. दूर असतो तो अक्षावरचा दुसरा कार्बन. यावर युक्ती अशी: मनातल्या मनात H ची आणि अक्षावरच्या कार्बनची अदलाबदल करा. C2 साठी C3 ला H च्या जागी, म्हणजे 8 वर आणा. H आता मागे गेला, म्हणजे चित्र सरळ वाचता येईल. पहिला OH 4 वर, दुसरा COOH 12 वर, तिसरा C3 8 वर. 4 वरून 12 वर आणि 12 वरून 8 वर जाताना आपण घड्याळाच्या उलट दिशेने गेलो. याचं उत्तर S. पण आपण दोन गटांची अदलाबदल केली होती आणि अशा एका अदलाबदलीने अक्षर उलटतं. म्हणून खरं उत्तर R.

मागच्या C3 साठी तसंच करू. C2 ला H च्या जागी, 10 वर आणा. OH 2 वर, COOH 6 वर, C2 10 वर. हा प्रवास घड्याळाच्या दिशेने झाला. आता नीट बघा: मागच्या कार्बनसाठी अक्षावरचा शेजारी आपल्याकडे असतो. म्हणून अदलाबदल केल्यावर H आपल्याकडे येतो आणि उत्तर एकदा उलटतं. अदलाबदलीमुळे ते पुन्हा उलटतं. दोन वेळा उलटलं म्हणजे जे दिसलं तेच खरं: R.

म्हणजे H ची जागा अक्षावरच्या कार्बनला देऊन वाचलं की पुढच्या कार्बनचं उत्तर उलटायचं आणि मागच्याचं तसंच ठेवायचं. वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: C2 = R, C3 = R.

पहिली पायरी: साखळीची टोकं एका बाजूला आणा

फिशर प्रोजेक्शनमध्ये उभ्या रेषेवरचे बंध आपल्यापासून दूर जातात आणि आडवे बंध आपल्याकडे येतात. एका कार्बनपुरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोन कायरल कार्बन एकाखाली एक काढले की त्याचा अर्थ असा होतो की साखळीची वरची आणि खालची दोन्ही टोकं मागे वळलेली आहेत. रेणू बांगडीच्या तुकड्यासारखा वाकलेला आहे आणि आपण त्याच्याकडे बाहेरच्या, फुगीर बाजूने बघतोय. हे इक्लिप्स्ड रूप आहे. खरा रेणू या रूपात सुखाने राहत नाही, पण फिशरची पद्धत त्याला तसं धरूनच काढते.

म्हणून आधी न्यूमनमधले दोन्ही COOH एकामागे एक आणायला हवेत. C2–C3 हा एकेरी बंध आहे, त्याभोवती फिरवलं तर काहीही तुटत नाही आणि R-S बदलत नाही. मी पुढचा C2 180 अंशांतून, म्हणजे सहा तास फिरवते, मागचा आहे तसा ठेवते. COOH 12 वरून 6 वर येतो. OH 4 वरून 10 वर जातो. H 8 वरून 2 वर जातो.

इथे घाई करू नका. तिन्ही गट सारखेच तास सरकायला हवेत. मुलं हमखास करतात ती चूक म्हणजे COOH ला उचलून 6 वर ठेवणं आणि OH आणि H ला होते त्याच बाजूंना सोडणं, OH उजवीकडेच, H डावीकडेच. मनात वाटतं की आपण बंध फिरवला. प्रत्यक्षात आपण बंध तोडून गट दुसऱ्या जागी चिकटवला. पंखा फिरतो तेव्हा त्याची तिन्ही पाती फिरतात, एक पातं फिरून बाकीची जागेवर राहत नाहीत.

आता पुढे COOH 6, OH 10, H 2. मागे COOH 6, OH 2, H 10. चित्रात मागचे गट पुढच्यांच्या अगदी पाठीमागे लपतील, म्हणून ते किंचित बाजूला सरकवून काढा.

दुसरी पायरी: डोळा हलवा

दोन्ही COOH आता खाली आहेत. कल्पना करा की रेणू टेबलावर ठेवलाय, दोन COOH हे त्याचे दोन पाय टेबलाला टेकलेत, आणि तुम्ही खुर्चीवर बसून समोरून बघताय. C2 तुमच्या जवळ, C3 पलीकडे. हेच न्यूमन.

आता खुर्चीवरून उठा आणि टेबलावर वाकून वरून बघा. तुम्ही रेणूच्या फुगीर बाजूला आलात. COOH तुमच्यापासून दूर, खाली टेबलाकडे गेलेत. OH आणि H दोन्ही बाजूंनी तुमच्याकडे वर आलेत. फिशरला हवी असलेली नजर हीच.

वरून बघताना टेबलावरची जवळची वस्तू कागदावर खाली येते आणि पलीकडची वर जाते. टेबलावर समोर ताट असेल आणि त्याच्या पलीकडे तांब्या, तर चित्रात तांब्या वर काढावा लागेल. तुमचा उजवा हात मात्र उजवाच राहिला, कारण तुम्ही फक्त वाकलात, वळला नाहीत. म्हणून पलीकडचा C3 वर आणि जवळचा C2 खाली काढायचा, आणि न्यूमनमधली उजवी बाजू उजवीकडेच ठेवायची.

C3 वर: OH उजवीकडे (2 वर होता), H डावीकडे (10 वर होता). C2 खाली: OH डावीकडे, H उजवीकडे. वर-खाली COOH.

आता C2 वर हवा असेल तर अख्खा कागद 180 अंशांत फिरवा. फिशरमध्ये हे चालतं, कारण उभे बंध उभेच आणि आडवे आडवेच राहतात. 90 अंशांत फिरवणं चालत नाही. तसं केलं तर मागे गेलेले बंध पुढे आलेत असं चित्र सांगायला लागतं. कागद पालथा करून पाठीमागून बघणंही चालत नाही, त्याने आरशातली प्रतिमा मिळते.

फिरवल्यावर हे मिळतं:

```
      COOH
       |
  H ---+--- OH     C2
       |
 HO ---+--- H      C3
       |
      COOH
```

"पुढचा कार्बन वर घेतला की डावं-उजवं बदलतं" असं जे काही मुलं पाठ करतात, त्याचं मूळ या कागद फिरवण्यात आहे. पण ते खरं आहे ते फक्त साखळीची टोकं न्यूमनमध्ये खाली असताना. टोकं वर, 12 वर आणली असतील तर फुगीर बाजू खाली येते, म्हणजे रेणूखाली पाठीवर झोपून, डोकं पुढच्या कार्बनच्या दिशेला ठेवून वर बघावं लागतं. तेव्हा पुढचा कार्बन आपसूक वर येतो आणि उजवं उजवंच राहतं. एकच सूत्र पाठ केलं आणि टोकं दुसऱ्या बाजूला निघाली, की उत्तर उलटं येतं. मी म्हणूनच टोकं नेहमी खाली आणते आणि टेबलावर वाकते.

तिसरी पायरी: फिशरवर R-S

फिशरमध्ये H आडव्या रेषेवर असेल तर तो आपल्याकडे आलेला असतो, म्हणून जे दिसतं त्याच्या उलट उत्तर. C2 वर OH उजवीकडे, COOH वर, C3 खाली. उजवीकडून वर आणि तिथून खाली जाताना घड्याळाच्या उलट दिशा दिसते. उलटवलं की R. C3 वर OH डावीकडे, COOH खाली, C2 वर. पुन्हा घड्याळाच्या उलट, उलटवलं की R. न्यूमनवर लिहून ठेवलेलं R, R जुळलं.

जुळलं नाही तर काय, हे जास्त कामाचं आहे. समजा C3 चं R आलं पण C2 चं S झालं. एकच अक्षर बदललं, आणि ते आपण फिरवलेल्या कार्बनचं. म्हणजे फिरवण्यात चूक आहे: फक्त COOH हलला, बाकीचे दोन आपापल्या बाजूला राहिले. या उदाहरणात तसं केलं तर दोन्ही OH एकाच बाजूला येतात, म्हणजे चिंचेतल्या आम्लाऐवजी मेसो टार्टारिक आम्ल काढलं गेलं.

दोन्ही अक्षरं बदलली, S, S झालं, तर फिरवणं बरोबर आहे आणि बघण्यात चूक आहे. C2 वर घेतला पण बाजू बदलल्या नाहीत, किंवा पोकळ बाजूने बघितलं. हा खरोखर आरशातला रेणू आहे. या चुकीचा धोका असा की चित्र अगदी बरोबर वाटतं. OH विरुद्ध बाजूंना असायला हवेत, तसे ते दिसतात. अक्षरं काढल्याशिवाय चूक सापडत नाही. आणि ज्याला हातच लावला नव्हता त्या कार्बनचं एकट्याचं अक्षर बदललेलं दिसलं, तर बहुधा दोन्ही चुका एकदम झाल्या आहेत. दुरुस्त्या करत बसू नका, न्यूमनपासून पुन्हा सुरुवात करा.

यावरून सरावाबद्दल एक सांगते. मेसो टार्टारिक आम्लावर सराव करून "मला जमलं" असं ठरवू नका. मेसोची आरशातली प्रतिमा तोच रेणू असतो. त्यामुळे बघण्याची बाजू चुकली तरी उत्तर बरोबर येतं आणि चुकीची पद्धत डोक्यात पक्की बसते. मी स्वतः पूर्वी वर्गात पहिलं उदाहरण मेसोचं द्यायचे, सोपं म्हणून. परीक्षेत थ्रिओज आल्यावर अर्ध्या वर्गाने त्याचा आरसा काढला. तेव्हापासून ते उदाहरण पहिलं द्यायचं बंद केलं.

टोकं वेगळी असतील तेव्हा: D-थ्रिओज

टार्टारिक आम्लात वर-खाली दोन्हीकडे COOH असल्याने कागद फिरवला काय, न फिरवला काय, चित्र सारखंच दिसतं. साखरेत तसं नसतं. CHO वरच यावा लागतो.

आता हे न्यूमन घ्या. C3 पुढे: CH2OH 6 वर, OH 2 वर, H 10 वर. C2 मागे: CHO 8 वर, OH 12 वर, H 4 वर. टोकं या वेळी अँटी नाहीत, गॉश आहेत.

आधी अक्षरं. पुढच्या C3 चा क्रम इथे वेगळा लागतो: OH, मग C2, मग CH2OH, मग H. C2 च्या कार्बनवर ऑक्सिजन, कार्बन आणि हायड्रोजन आहेत. CH2OH वर एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, म्हणून तो मागे पडतो. C2 ला H च्या जागी, 10 वर आणा. OH 2, C2 10, CH2OH 6: घड्याळाच्या उलट, म्हणजे S. पुढचा कार्बन म्हणून उलटवा: R. मागच्या C2 चा क्रम OH, CHO, C3, H. C3 ला H च्या जागी, 4 वर आणा. OH 12, CHO 8, C3 4: घड्याळाच्या उलट. मागचा कार्बन म्हणून तसंच ठेवा: S.

CH2OH आधीच खाली आहे, म्हणून या वेळी मागचा कार्बन फिरवू. CHO 8 वरून 6 वर यायला दोन तास, घड्याळाच्या उलट दिशेने. OH 12 वरून 10 वर. H 4 वरून 2 वर. टेबलावर वाकून बघा: पलीकडचा C2 वर, त्याचा OH डावीकडे. जवळचा C3 खाली, त्याचा OH उजवीकडे. CHO वर आहेच, कागद फिरवायची गरज नाही.

फिशरवर तपासू. C2: OH डावीकडे, CHO वर, C3 खाली. घड्याळाच्या दिशेने, उलटवून S. C3: OH उजवीकडे, C2 वर, CH2OH खाली. घड्याळाच्या उलट, उलटवून R. (2S,3R), जुळलं. खालच्या कायरल कार्बनचा OH उजवीकडे, म्हणून D.

अक्षरांची मर्यादा

हे ताडून बघणं चालतं, कारण रूपांतराच्या आधी आणि नंतर रेणू एकच असतो. तोच नियम एखाद्या अभिक्रियेला लावायला जाऊ नका. D-थ्रिओजवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की दोन्ही टोकं COOH होतात आणि D-टार्टारिक आम्ल मिळतं, म्हणजे (2S,3S). C3 चा एकही बंध तुटला नाही, त्याचा OH फिशरमध्ये अजून उजवीकडेच आहे, तरी R चं S झालं. झालं इतकंच की खालचा CH2OH आधी C2 च्या मागे होता, तो COOH झाल्यावर क्रमात C2 च्या पुढे गेला. म्हणून अभिक्रियेत काय टिकलं हे बघायचं असेल तर अक्षरं बाजूला ठेवा आणि दोन्ही फिशर शेजारी शेजारी काढून C3 चा OH कोणत्या बाजूला आहे ते बघा.